प्रस्तावना: पॅकअपनंतरचा हिशेब

चित्रपटाचे शूटिंग संपून दोन-तीन महिने झाले की निर्मात्याच्या ऑफिसात हिशेबाची बैठक बसते. प्रॉडक्शन मॅनेजर फायली घेऊन येतो. प्रत्येक वाउचरवर सही असते, प्रत्येक बिल क्रमाने लावलेले असते, दिलेली रोकड आणि खर्च झालेली रोकड रुपयाला रुपया जुळते. तरीही शेवटच्या बेरजेला मंजूर बजेटपेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त आकडा येतो. कोणी पैसे खाल्लेले नसतात, कोणी पावती हरवलेली नसते. निर्माता विचारतो, हे मला तेव्हाच का नाही कळले? या प्रश्नाला त्या फायलींत उत्तर सापडत नाही.

हे पुस्तक त्याच प्रश्नासाठी लिहिले आहे. पावत्या जुळणे ही एक गोष्ट आहे आणि खर्च बजेटशी जुळणे ही दुसरी. पावती झालेल्या खर्चाची साक्ष देते. बजेट सांभाळायचे तर जो खर्च झाला आहे पण ज्याचे बिल अजून आलेले नाही, आणि जो पुढे होणार हे आजच दिसते आहे, तोही रोज रात्री कागदावर यावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक युनिट्समध्ये पहिले काम चोख होते, दुसरे होतच नाही.

आधी मंजूर बजेट म्हणजे काय ते नीट पाहू. चित्रपटाचे बजेट हा एकच आकडा नसतो. वरच्या पानावर, म्हणजे टॉपशीटवर, हेडनुसार रकमा असतात: कथा-पटकथा, दिग्दर्शक, कलाकार, कॅमेरा, लाइट, आर्ट, कपडे, मेकअप, लोकेशन, प्रवास आणि मुक्काम, केटरिंग, एडिटिंग, साउंड वगैरे. खाली प्रत्येक हेडचा तपशील असतो आणि त्या तपशिलाला एक आधार असतो. किती दिवस, किती माणसे, काय दराने. हा आधार शूटिंग सुरू झाल्यावर कपाटात जातो आणि सेटवर फक्त हेडची एकूण रक्कम फिरते. केटरिंगला आठ लाख आहेत एवढेच सगळ्यांना ठाऊक असते. ते आठ लाख किती ताटांवर काढले होते, त्यात गर्दीच्या सीनची माणसे धरली होती की नाही, हे कोणाला आठवत नाही. मग आठ लाखांतले सहा संपेपर्यंत सगळे ठीक वाटते आणि शूटिंग मात्र अजून निम्मेच झालेले असते. म्हणून रोजचा हिशेब ठेवण्याचे पहिले काम शूटिंगच्या आधी करावे लागते. बजेट दिवसांत फोडायचे. कोणत्या दिवशी कोणता सीन, किती माणसे, किती तास, आणि त्या दिवसाला किती खर्च मंजूर आहे, हे आधीच लिहून ठेवले तरच संध्याकाळी तुलना करायला काही उरते.

या कामाच्या आपल्या परंपरेकडे वळू. दादासाहेब फाळक्यांनी १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला तेव्हा विमा पॉलिसी गहाण टाकून भांडवल उभे केले होते. घरची माणसे, घरचे स्वयंपाकघर आणि निर्मात्याचाच खिसा अशी ती व्यवस्था होती. मंजूर करणारा आणि खर्च करणारा एकच माणूस असल्याने वेगळ्या हिशेबाची गरज त्यात नव्हती. १९१८मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, पैसा एकाचा आणि खर्च दुसऱ्याच्या हातून असे झाले, आणि थोड्याच काळात भागीदारांशी मतभेद होऊन फाळके काही काळ कंपनीबाहेर पडले. खर्च मंजूर करणारा आणि खर्च करणारा वेगळे झाले की दोघांमध्ये एक विश्वासाचा कागद लागतो. ती गरज आपल्या धंद्यात इतकी जुनी आहे.

त्यानंतर स्टुडिओंचा काळ आला. प्रभात फिल्म कंपनी १९२९मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३मध्ये पुण्याला गेली. तिथे नट, तंत्रज्ञ, सुतार, शिंपी सगळे पगारी होते. सेट, कपडे, कॅमेरे कंपनीचेच. अशा व्यवस्थेत शूटिंग एक दिवस लांबले तर त्या दिवशी खिशातून वेगळे पैसे जात नसत. पगार तसाही द्यायचाच होता. त्यामुळे हिशेबाचा धागा महिन्याचा होता, दिवसाचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टुडिओ मोडत गेले आणि प्रत्येक माणूस, प्रत्येक दिवा, प्रत्येक गाडी दिवसाच्या भाड्यावर आली. खर्चाचे एकक बदलून शिफ्ट झाले. हिशेबाची पद्धत मात्र दुकानाच्या रोजमेळाचीच राहिली: आज किती रोकड आली, किती गेली, शिल्लक किती. प्रॉडक्शन कंट्रोलर नावाचा माणूस रोकड सांभाळत असे आणि त्याच्या तोंडी हिशेबावर सगळा कारभार चालत असे. अत्यंत हुशार आणि प्रामाणिक माणसे या कामात होती आणि आहेत. पण रोजमेळ फक्त हातून गेलेल्या पैशांबद्दल बोलतो, द्यायच्या राहिलेल्या पैशांबद्दल नाही.

दुसरी परंपरा पाश्चात्य चित्रपटधंद्यातली. तिथे बाहेरचा पैसा लवकर आला आणि पैसेवाल्यांना चित्रपट पूर्ण होण्याची हमी हवी होती. १९५०मध्ये लंडनमध्ये ‘फिल्म फायनान्सेस’ ही अशी हमी देणारी कंपनी निघाली. बजेटबाहेर खर्च गेला तर चित्रपट पुरा करायचे पैसे हमीदार देणार, आणि म्हणून त्याला रोजचा प्रगती अहवाल आणि आठवड्याचा खर्चाचा अहवाल पाहायचा हक्क. या पद्धतीत आठवड्याच्या पत्रकाला ठरलेले रकाने असतात: आजवर दिलेले, देणे बांधले गेलेले, पुढे लागणारे, आणि या तिघांची बेरीज म्हणजे अंदाजे अंतिम खर्च. शेजारी मंजूर बजेट आणि दोघांतला फरक. आपल्या रोजमेळात या रकान्यांपैकी फक्त पहिला असतो.

ही पद्धत असूनही घात होतो, आणि कसा होतो तेही नोंदवले गेले आहे. मायकेल चिमिनोचा ‘हेवन्स गेट’ १९८०मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे मंजूर बजेट सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर होते आणि अंतिम खर्च ४ कोटींच्या वर गेला. शूटिंगच्या पहिल्या सहा दिवसांनंतरच ते वेळापत्रकाच्या पाच दिवस मागे होते. म्हणजे खर्चाची बिले यायच्या आधीच, पहिल्या आठवड्यातच, रोजच्या प्रगतीच्या कागदाने पुढचे सगळे सांगितले होते. त्यावर वेळीच निर्णय झाला नाही. माझ्या मते या गोष्टीतला शिकण्याजोगा भाग चार कोटींचा आकडा नाही, हा सहावा दिवस आहे. किती शूट झाले हा आकडा आणि किती खर्च झाला हा आकडा एकाच पानावर पाहिले नाहीत तर त्यांतल्या एकाचाही उपयोग होत नाही.

आपल्याकडे आणखी दोन वळणे आली. टीव्ही मालिकांत चॅनल एका एपिसोडचा दर ठरवते. त्यात बसवणे ही निर्मात्याची जबाबदारी. त्यामुळे मालिकेतले प्रॉडक्शनवाले एपिसोडमागे किती मिनिटे निघाली याचा हिशेब फार काटेकोर ठेवतात. अनुदानावर किंवा संस्थेच्या पैशावर होणाऱ्या माहितीपटांत खर्च मंजूर हेडमध्येच झाला हे दाखवणारे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि न वापरलेली रक्कम परत करावी लागते. तिथे एका हेडमधून दुसऱ्यात परवानगीशिवाय पैसे नेणे हीच चूक ठरते. १९९८मध्ये केंद्र सरकारने चित्रपटधंद्याला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केली. नंतर बँका, कंपन्या आणि अलीकडे ओटीटी मंच आले. त्यांच्या करारांत हप्ते खर्चाच्या अहवालाला बांधलेले असतात आणि हिशेब तपासायचा हक्क राखून ठेवलेला असतो. काल रोजमेळावर काम करणारा मॅनेजर आज अंदाजे अंतिम खर्चाचे पत्रक मागणाऱ्या माणसासमोर बसतो आहे. ही दरी भरून काढण्यासाठी मराठीत सविस्तर पुस्तक असायला हवे, असे मला फार दिवस वाटत होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. रोज रात्री तीन कागद एकमेकांशेजारी ठेवावे लागतात. पहिला दैनिक प्रगती अहवाल, ज्याला सेटवर डीपीआर म्हणतात. तो बहुधा असिस्टंट डायरेक्टर भरतो: कॉल किती वाजता, पहिला शॉट कधी, जेवणाची सुट्टी, पॅकअप, कोणते सीन झाले, किती राहिले, कोण हजर होते. दुसरा त्या दिवसाचा वाउचरगठ्ठा आणि रोकड. तिसरा देण्यांची वही, जिच्यात आज झालेल्या पण न भागवलेल्या प्रत्येक खर्चाची नोंद असते. बिल आलेले नसले तरी दर आणि आजची मोजणी माहीत असते, त्यावरून रक्कम लिहायची.

एक दिवस घेऊन पाहू. आकडे उदाहरणासाठी बांधलेले आहेत, पण प्रसंग कोणत्याही युनिटला ओळखीचा वाटेल. वाईजवळ चोवीस दिवसांचे शेड्यूल आहे. मोठ्या कलाकारांचे मानधन वेगळे ठेवून रोजच्या चालू खर्चाला २,१०,००० रुपये मंजूर आहेत, म्हणजे चोवीस दिवसांचे ५०,४०,०००. नवव्या दिवशी बाजाराचा सीन आहे. कॉल सकाळी सातचा, करारातली शिफ्ट बारा तासांची. दुपारी ढग आले, उजेड बदलला, सीन लांबला आणि पॅकअप रात्री साडेदहाला झाले.

रात्री मॅनेजर रोकड मोजतो. दिवसभरात ३८,४०० रुपये गेले. डिझेल, भाजी, गावातल्या दोन टेम्पोंचे भाडे, आर्टवाल्यांनी आणलेल्या टोपल्या आणि मडकी, रात्रीची औषधे. सगळ्याची वाउचरे आहेत. रोजमेळ पाहिला तर हा स्वस्त दिवस वाटतो.

आता डीपीआर शेजारी ठेवा. पॅकअप साडेदहा म्हणजे करारानुसार अर्धी शिफ्ट जास्त लागली. लाइट आणि जनरेटरचे रोजचे भाडे ४०,००० होते, त्यावर २०,००० चढले. लाइटमन, सेटिंगवाले आणि बाकी रोजंदारीवरच्या तंत्रज्ञांची मजुरी दिवसाला ४६,००० होती, ती अर्ध्या शिफ्टने २३,००० वाढली. हजेरीपत्रकात ऐंशी माणसांऐवजी एकशे दहा आहेत. जास्तीची तीस माणसे ज्युनिअर आर्टिस्ट. त्यांची मजुरी बजेटमध्ये धरली होती, त्यांचे खाणे मात्र कोणीच धरले नव्हते. दिवसभराच्या जेवणखाणाचा दर माणशी ४०० रुपये, म्हणजे १२,००० जास्त. तिन्ही मिळून ५५,०००. त्या दिवसाचा खरा खर्च २,६५,००० झाला, पैकी रोकडीतून फक्त ३८,४०० गेले. उरलेले २,२६,६०० रुपये देणे आहे आणि देण्यांच्या वहीशिवाय ते कुठेच लिहिलेले नाही. लाइटवाल्याचे बिल तीन आठवड्यांनी येईल, केटरर शेड्यूल संपल्यावर एकदम हिशेबाला बसेल. तोवर या दिवसाबद्दल काही करता येण्याची वेळ गेलेली असेल.

पुढचा अर्धा तास सर्वांत मोलाचा. पहिल्या आठ दिवसांत बजेटपेक्षा १५,००० जास्त गेले होते. नऊ दिवसांचे मंजूर १८,९०,००० आणि झालेले १९,६०,०००, म्हणजे ७०,००० जास्त. इथे थांबले तर हा जुना हिशेबच झाला. आता वेळापत्रक उघडायचे आणि विचारायचे की नवव्या दिवशी जे झाले ते पुन्हा होणार आहे का? बाजाराचे आणखी दोन दिवस आहेत, पंधरावा आणि सोळावा. त्या दोन्ही दिवशी तीस माणसांचे खाणे लागणारच, २४,०००. सीनची लांबी तेवढीच असल्याने अर्धी शिफ्ट लागण्याचीही दाट शक्यता, दिवसाला ४३,००० धरून ८६,०००. उरलेल्या पंधरा दिवसांचे मूळ ३१,५०,००० होते, ते आता ३२,६०,००० झाले. झालेले १९,६०,००० त्यात मिळवले की अंदाजे अंतिम खर्च ५२,२०,००० येतो. मंजूर रकमेपेक्षा १,८०,००० जास्त. हा आकडा नवव्या रात्री हातात आला आहे, बैठकीच्या तीन महिने आधी.

या आकड्याचे काय करायचे हे हिशेबनीस ठरवत नाही. तो दिग्दर्शक आणि निर्मात्यापुढे ठेवतो. समजा दिग्दर्शकाने सांगितले की गर्दीचे सगळे रुंद शॉट पंधराव्या दिवशी घेऊ आणि सोळाव्या दिवशी त्याच बाजारात फक्त दोन पात्रांचे जवळचे शॉट ठेवू. मग सोळाव्या दिवशीचे तीस जणांचे खाणे वाचले आणि अर्धी शिफ्टही टळली, ५५,००० कमी झाले. उरलेला फरक १,२५,०००. आकस्मिक खर्चासाठी पाच टक्के, म्हणजे २,५२,००० राखून ठेवले असतील तर त्यातून तो भागतो, पण तो निर्मात्याच्या लेखी संमतीने आणि कारणासह. राखीव रकमेतून पैसे उचलले की त्या दिवसाच्या नोंदीत तसे लिहायचे. बजेटचा मूळ रकाना मात्र कधीही खोडायचा नाही. मूळ, फेरबदल आणि सुधारित असे शेजारी शेजारी ठेवले तर शेवटच्या बैठकीत प्रत्येक फरकाचा दिवस आणि कारण दाखवता येते. हिशेब बजेटशी जुळणे याचा व्यवहारातला अर्थ माझ्या लेखी हाच आहे. खर्च बजेटएवढाच असेल असे दर वेळी होत नाही, पण न मंजूर झालेला एकही फरक असू नये.

पावत्यांबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण नवशिक्यांची गडबड तिथे जास्त होते. सेटवरच्या रोकडीसाठी सर्वांत साधी आणि टिकाऊ पद्धत म्हणजे ठरावीक रकमेचा ॲडव्हान्स. आर्टवाल्याला वीस हजार दिले, तर कोणत्याही क्षणी त्याच्याकडची रोकड आणि वाउचरे मिळून वीस हजारच भरली पाहिजेत. वाउचरे जमा केल्यावरच तेवढी रक्कम पुन्हा भरायची. जुन्याचा हिशेब न घेता नवा ॲडव्हान्स दिला की दोन्हींची सरमिसळ होते आणि तिसऱ्या वेळेला नेमके काय राहिले ते त्या माणसालाही सांगता येत नाही. त्यात त्याच्या प्रामाणिकपणाचा संबंध नसतो. दिवसभर धावपळ करणाऱ्या माणसाकडून आठवड्यापूर्वीची मडकी लक्षात ठेवण्याची अपेक्षा करणेच चूक आहे.

चांगल्या वाउचरवर कोणाला दिले, कशासाठी, कोणत्या तारखेला, कोणत्या सीनसाठी, कोणत्या हेडमध्ये आणि कोणी मंजूर केले एवढे असावे. सीनचा क्रमांक लिहायची सवय आपल्याकडे नाही, पण तो एक आकडा पुढे फार कामाला येतो. टोपल्या आणि मडकी कोणत्या सीनची हे कळले तर ती आर्टची की प्रॉपर्टीची हा वाद उरत नाही. जिथे पक्के बिल मिळत नाही, उदाहरणार्थ गावातला बैलगाडीवाला, तिथे वाउचरवर त्याची सही किंवा अंगठा, पूर्ण नाव आणि फोन घ्यायचा. रक्कम ५,०००च्या वर असेल तर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट. पेट्रोल पंपाच्या आणि टोलच्या पावत्या थर्मल कागदावर छापलेल्या असतात. त्या काही महिन्यांत कोऱ्या होतात, म्हणून त्याच रात्री फोटो काढून फाइलला तारीख आणि वाउचर क्रमांकाचे नाव द्यायचे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे नोंद नव्हे. तो वर सरकतो आणि सापडत नाही.

रोकडीला कायद्याची मर्यादा आहे. एका माणसाला एका दिवसात १०,०००पेक्षा जास्त रोख दिले तर प्राप्तिकरात तो खर्च नामंजूर होतो. मालवाहू गाड्यांच्या भाड्याला ही मर्यादा ३५,००० आहे. एकाच दिवशी तीन वाउचरे फाडून हे टळत नाही, कारण मोजणी माणूस आणि दिवस यांची आहे. ज्या गावात बँकच नाही तिथल्या रहिवाशाला दिलेल्या रकमेसारख्या काही परिस्थितींना नियमांत सूट आहे, पण वाईसारख्या ठिकाणी तिचा आधार घेता येणार नाही. वाड्याच्या मालकाला भाडे बँकेतून जाणार हे लोकेशन ठरवतानाच बोलून घ्यावे. शूटिंगच्या सकाळी हा विषय निघाला तर युनिट उभे राहते आणि मग मालक म्हणेल तसे करावे लागते.

करांमुळे हिशेब आणखी दोन ठिकाणी फसतो. दोन्ही ठिकाणी चोरी नसते, फक्त निव्वळ आणि ढोबळ रकमेची सरमिसळ असते. कॅमेरामनचे मानधन एक लाख असेल आणि दहा टक्के टीडीएस कापला असेल तर बँकेतून नव्वद हजार गेलेले दिसतात. खर्च मात्र एक लाखच आहे. दहा हजार सरकारला भरायचे आहेत. बँकेच्या पानावरून खर्चपत्रक भरणाऱ्या माणसाचा प्रत्येक मोठ्या मानधनात दहा टक्के फरक पडत जातो आणि टीडीएस भरायच्या दिवशी खर्च अचानक वाढल्यासारखा दिसतो. दुसरे जीएसटी. लाइटचे भाडे बजेटमध्ये ४०,००० धरले आणि बिल १८ टक्के जीएसटी धरून ४७,२०० आले, तर दर वाढला की कर लागला हे आधी ठरवायला हवे. भाड्यावरचा कर निर्मिती संस्थेला वजा मिळू शकतो, म्हणून तो वेगळ्या रकान्यात ठेवता येतो. केटरिंगवरचा कर सहसा वजा मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरायचा. बजेट करविरहित आणि खर्चपत्रक करासह, किंवा उलट, अशी तुलना करून घाबरलेले निर्माते मी पाहिले आहेत, आणि तशाच तुलनेवर निर्धास्त राहिलेलेही.

पावत्या खऱ्या आहेत का हे पावत्यांकडे पाहून फारसे कळत नाही. त्या दुसऱ्या कागदाशेजारी ठेवल्या की कळते. केटररने एकशे चाळीस ताटांचे बिल दिले आणि हजेरीपत्रकात एकशे दहा माणसे आहेत, तर विचारायला जागा आहे. गावातले लोक जेवले असतील, किंवा नसतील, पण उत्तर त्याच दिवशी मिळते. जनरेटर सव्वाशे केव्हीएचा असेल तर लोडनुसार तासाला साधारण १५ ते २५ लिटर डिझेल खातो. मशीनवर तासांचा मीटर असतो. सकाळी आणि पॅकअपला त्या मीटरचा आकडा डीपीआरवर लिहून ठेवला की दहा तासांच्या दिवसाला साडेतीनशे लिटरची पावती का आली हे विचारता येते. एका दुकानाची बिले पाच-सहा दिवसांच्या अंतराने आली आहेत आणि त्यांचे क्रमांक लागोपाठ आहेत, तर त्या दुकानाला दुसरे गिऱ्हाईकच नव्हते का, हे पाहायचे. गाड्यांच्या लॉगबुकात किलोमीटरचा आकडा प्रत्येक फेरीनंतर लिहिला जातो की महिन्याच्या शेवटी एकाच पेनने, हेही दिसते. हे सगळे माणसांवर संशय घेण्यासाठी नाही. मोजणी रोज होते हे युनिटला ठाऊक असले की चढवून लिहिण्याचा प्रसंगच सहसा येत नाही, आणि प्रामाणिक मॅनेजरला नंतर कोणाच्या कुजबुजीला तोंड द्यावे लागत नाही.

शूटिंग संपल्यावरचे काम या सगळ्यावर अवलंबून असते. भाड्याच्या वस्तू परत गेल्या का, तुटफुटीचे बिल कोणाच्या हेडला, अनामती परत आल्या का, ॲडव्हान्स शून्य झाले का, हे पाहून देण्यांची वही एकेका नावाने बंद करायची. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात चित्रपट निर्मात्याने वर्षभरात ज्यांना ५०,०००पेक्षा जास्त दिले किंवा देणे आहे अशा कामावर घेतलेल्या प्रत्येकाची माहिती ५२अ या नमुन्यात द्यायची तरतूद आहे. ‘देणे आहे’ हे शब्द लक्षात घ्या. देण्यांची वही नसेल तर हा नमुना बरोबर भरताच येत नाही. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर निर्मितीखर्च कोणत्या वर्षात वजा मिळेल हे नियम ९अप्रमाणे ठरते आणि तिथेही निर्मितीखर्चाचा एक पक्का आकडा लागतो.

या पुस्तकाचा आवाका मुद्दाम लहान ठेवला आहे. बजेट कसे बनवावे हे यात नाही. मंजूर झालेले बजेट हातात आहे इथून ते सुरू होते आणि शेवटच्या सहीला संपते. ते मराठी चित्रपट, वेबसिरीज आणि माहितीपट करणाऱ्या लहान-मध्यम युनिट्ससाठी आहे, जिथे वेगळा प्रॉडक्शन अकाउंटंट ठेवणे परवडत नाही आणि हे काम मॅनेजर किंवा त्याचा सहायक करतो. म्हणून सगळ्या पद्धती एका वहीत किंवा साध्या एक्सेलच्या पानावर करता येतील अशाच निवडल्या आहेत. टॅलीमध्ये हिशेब ठेवणाऱ्यांना तेच रकाने तिथे कसे बसवायचे हे सांगितले आहे, पण कोणत्याही सॉफ्टवेअरवर काही अवलंबून ठेवलेले नाही. रोजमेळाची शिस्त टाकून द्यायची आणि परदेशी अहवालाचे रकाने जसेच्या तसे उचलायचे, असा आग्रहही यात नाही. रोकड जुळवण्यात आपली जुनी पद्धत उत्तम आहे. तिला देण्यांची वही आणि पुढचा अंदाज जोडणे एवढाच प्रयत्न आहे.

काही प्रश्न हे पुस्तक सोडवू शकत नाही. बजेट मुळातच कमी दाखवून मंजूर करून घेतले असेल तर रोजच्या हिशेबाने ते पुरे पडणार नाही; फार तर ते पुरणार नाही हे पहिल्या आठवड्यात सिद्ध होईल. पाऊस, आजारपण, लोकेशनवरचा वाद यांचा अंदाज बांधता येत नाही. आणि निर्मात्याने अंदाजे अंतिम खर्चाचा आकडा वाचायचाच नाही असे ठरवले तर मॅनेजरने तो कितीही नेमाने लिहिला तरी काही होत नाही. म्हणून हे पुस्तक मॅनेजरइतकेच निर्माते आणि दिग्दर्शकांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे, विशेषतः वाईच्या नवव्या रात्रीसारख्या निर्णयांबद्दलचा भाग.

वापरण्यापूर्वी एक सूचना. करांचे दर, मर्यादा आणि कलमांचे क्रमांक बदलत राहतात. प्राप्तिकराचा २०२५चा नवा कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू असल्याने १९६१च्या कायद्यातले क्रमांक नव्या कायद्यात वेगळे आहेत. इथे जुने क्रमांक दिले आहेत कारण धंद्यातली माणसे अजून त्याच नावांनी बोलतात. प्रत्यक्ष विवरण भरताना आपल्या सनदी लेखापालाला विचारूनच आकडे घ्यावेत. शेवटी दिलेले कोरे तक्ते, म्हणजे दिवसाचे खर्चपत्रक, देण्यांची वही, ॲडव्हान्सची नोंद आणि जनरेटरचे लॉगपत्रक, कोणीही झेरॉक्स काढून वापरावेत. त्यांत दर छापलेले नाहीत. तो रकाना प्रत्येक युनिटने आपल्या करारांवरून, शूटिंगच्या पहिल्या दिवसाआधी, स्वतः भरायचा आहे.